पोहऱ्यावर आडाचं नाव

मेसेज वाटणाऱ्या आमच्या एआय मॉडेलचं कार्ड, म्हणजे त्याच्याबरोबर ठेवायचा माहितीचा कागद, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात जागोजागी एकच वाक्य होतं: `[More Information Needed]`. कोऱ्या नमुन्यात ते आधीपासून छापलेलंच असतं. आपण तिथे आपला मजकूर भरायचा. आमच्याकडच्या मुलाने नमुना उतरवला, वर मॉडेलचं नाव घातलं, खाली 'अचूकता ९४ टक्के' असं ठळक लिहिलं आणि बाकी सगळं तसंच ठेवून फाइल चढवून दिली. त्याला बोलायची सोय नव्हती, कारण 'कार्ड काय, नंतर भरू' हे मीच त्याला सांगितलं होतं.

ते नंतर भरणं आम्हाला दीड महिना पुरलं. त्या दीड महिन्यात मॉडेल एकदा नव्याने शिकवावं लागलं आणि ९४ चे ८० झाले. ही त्याची हकीगत.

आधी काम काय होतं ते सांगते. जळगावात आमची एक छोटी हेल्पलाइन आहे. शेतकरी मोबाइलवरून मेसेज पाठवतात आणि चार-पाच जाणकार माणसं सवडीने उत्तरं देतात. हंगामात मेसेज इतके येतात की कुठला कोणाकडे पाठवायचा हे ठरवण्यातच सकाळ जाते. म्हणून सहा कप्पे केले: रोग-कीड, खत-पाणी, हवामान, बाजारभाव, योजना-विमा आणि इतर. मेसेज आला की योग्य कप्प्यात टाकायचा, एवढंच काम. मोठं बहुभाषी मॉडेल ते बऱ्यापैकी करत होतं, पण ते चालवायला लागणारं यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. हेल्पलाइनच्या टेबलावर ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि नेट अधूनमधून जातं. म्हणून ठरलं की मोठ्या मॉडेलकडून शिकवून एक लहान मॉडेल तयार करायचं.

या पद्धतीला डिस्टिलेशन म्हणतात. मोठं ते टीचर, लहान ते स्टुडंट. (आमच्या एका विश्वस्तांनी 'स्टुडंट मॉडेल' हे शब्द ऐकून 'कुठल्या कॉलेजच्या पोरांनी केलंय?' असं विचारलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही.) हिंटन, विन्याल्स आणि डीन यांच्या २०१५ च्या निबंधामुळे हे नाव रूढ झालं. कल्पना सोपी आहे. टीचर नुसतं 'रोग-कीड' असं उत्तर देत नाही, तो सगळ्या कप्प्यांना वाटून गुण देतो. 'कपाशीवर लाल्या आलाय, काय मारू' या मेसेजला आमच्या टीचरने रोग-कीडला ०.८८ दिले, खत-पाण्याला ०.०९, आणि उरलेलं चिल्लर इतरांना. स्टुडंटला नुसतं पहिलं नाव घोकायचं नसतं, हे अख्खं वाटप शिकायचं असतं. 'उत्तर रोग-कीड, पण शेजारचं घर खत-पाण्याचं, बाजारभावाचं नव्हे' हे ते ०.०९ सांगतात. खरी विद्या त्या चिल्लरीत असते असं म्हटलं तरी चालेल. ती चिल्लर नीट दिसावी म्हणून शिकवताना टीचरचे गुण मुद्दाम थोडे पसरवून घेतात. त्या पसरवण्याच्या मापाला टेंपरेचर म्हणतात.

यात एक गोष्ट लपलेली असते आणि ती आम्हाला कार्ड भरायला बसेपर्यंत जाणवली नव्हती. आमच्यासारखं नुसत्या टीचरच्या गुणांवर शिकवलं, तर स्टुडंटने माणसाने लावलेलं एकही लेबल पाहिलेलं नसतं. मेसेज शेतकऱ्यांचे असतात, पण 'बरोबर उत्तर' टीचरचं असतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे त्याची दुसरी बाजू भेटते: आडात जे असेल ते सगळं पोहऱ्यात येतं, गाळासकट.

मॉडेल कार्ड ही कल्पना २०१९ ची. मार्गारेट मिचेल, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निबंधात ती मांडली. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, कशासाठी आहे, कोणी घेऊ नये, कोणावर तपासलंय हे सांगणारा, तसा प्रत्येक मॉडेलबरोबर एक-दोन पानांचा कागद असावा. त्यांनी नऊ मथळे सुचवले. मला त्यांतले तीनच मोलाचे वाटतात: कशासाठी वापरायचं, कशावर शिकवलंय, आणि तपासणीचे आकडे गटागटांनी फोडून. निबंधातल्या नमुना कार्डांपैकी एक फोटोत माणूस हसतोय का ते ओळखणाऱ्या मॉडेलचं आहे. सरसकट आकडा बघितला तर काही खटकत नाही. वय आणि लिंग यांप्रमाणे फोडल्यावर मात्र दिसतं की म्हाताऱ्या पुरुषांच्या बाबतीत 'हसतोय' हा निकाल इतरांपेक्षा फार जास्त वेळा खोटा ठरतो.

स्टुडंट मॉडेलांच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर एक कार्ड कायम असतं, ते डिस्टिलबर्टचं. हे २०१९ चंच मॉडेल, बर्ट या टीचरचा स्टुडंट. बर्टचे ११ कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकताना जुळवले जाणारे आकडे, याचे ६ कोटी ६० लाख. आकाराने ४० टक्के लहान, वेगाने ६० टक्के जास्त, आणि भाषा समजण्याची ९७ टक्के क्षमता शाबूत, असा त्याचा लौकिक. आता ९७ टक्के म्हणजे कशाचे? शंभरपैकी सत्त्याण्णव उत्तरं बरोबर असा त्याचा अर्थ नाही. टीचरला जे जमत होतं त्याचे ९७ टक्के. छेदात टीचर बसलाय. हे विसरलं की आकडा एकदम मोठा वाटायला लागतो, आणि तो विसरायला लावण्यात प्रत्येकाचा फायदा असतो.

पण त्या कार्डात मला आवडलेली जागा दुसरी आहे. मर्यादांच्या मथळ्याखाली त्यांनी वाक्यं देऊन रिकामी जागा मॉडेलकडून भरून घेतली आणि आलेली उत्तरं तशीच छापली. 'गोरा पुरुष अमुक काम करत होता' यात लोहार, सुतार, शेतकरी असे शब्द आले. 'काळी स्त्री अमुक काम करत होती' यात वेट्रेस, नर्स, मोलकरीण आणि वेश्यासुद्धा. आणि जोडीला स्पष्ट लिहिलं आहे की टीचरचा पूर्वग्रह काही प्रमाणात या मॉडेलमध्येही उतरला आहे. आपल्या मालाची खोट आपल्याच दुकानाच्या पाटीवर लिहायची, आणि तीही उदाहरणासकट, हे मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

कशावर शिकवलं, त्याचं उत्तर त्या कार्डात 'बर्टचाच डेटा' असं आहे: इंग्रजी विकिपीडिया आणि बुककॉर्पस. बुककॉर्पस म्हणजे नवोदित लेखकांनी नेटवर फुकट ठेवलेल्या इंग्रजी पुस्तकांचा संग्रह. त्यात ११,०३८ पुस्तकं आहेत असं मूळ निबंधात होतं आणि वर्षानुवर्षं सगळे तेच उतरवत राहिले. २०२१ मध्ये बँडी आणि विन्सेंट या दोन संशोधकांनी बसून मोजलं. वेगळी पुस्तकं निघाली ७,१८५. बाकीच्या दुबार-तिबार प्रती. शिवाय कित्येक पुस्तकांवर 'नक्कल करू नये' असं लेखकाने लिहिलेलं, आणि प्रेमकथांचा भरणा फार. बर्टने ते वाचलं, त्याच्या स्टुडंटने बर्टकडून घेतलं, पुढे त्या स्टुडंटवरून लोकांनी आणखी मॉडेलं बेतली. तोपर्यंत मूळ विहीर उपसून बघायला कोणाला सवड झाली नव्हती.

हे वाचून मी आमच्या मुलाला म्हटलं, आपलेही मोजूया. दोन हंगामांचे ३८,००० मेसेज अशी आमची ऐट होती. एकसारखे मेसेज काढले, मग फक्त 'सर नमस्कार' एवढाच फरक असलेले काढले, मग जाहिरातींचे फॉरवर्ड काढले. उरले २९,००० च्या आसपास. त्यात चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या मेसेजांतले कितीतरी शिकवण्याच्या ढिगातही होते. परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी वर्गात सोडवून घेतल्यासारखं.

'मॉडेलचा तपशील' हा मथळा मला सगळ्यात निरुपद्रवी वाटला होता. कुठला सांगाडा, किती थर, कुठला टोकनायझर. टोकनायझर म्हणजे वाक्याचे तुकडे करून मॉडेलला भरवणारा भाग. आम्ही तो तयार उचलला होता, `bert-base-multilingual-uncased`. मी ते नाव कार्डात उतरवलं आणि मुलगा म्हणाला, "ताई, कंसात लिहायचं का, की मराठीत कॅपिटल-स्मॉल नसतं म्हणून अनकेस्डने फरक पडत नाही?"

लिहायला वाक्य चांगलं होतं. फक्त ते खरं आहे का हे बघायला हवं होतं. आम्ही हे चालवून पाहिलं:

```python
from transformers import AutoTokenizer
t = AutoTokenizer.from_pretrained("bert-base-multilingual-uncased")
n = t.backend_tokenizer.normalizer
print(n.normalize_str("तूर मूग पुणे"))
```

पडद्यावर उमटलं: `तर मग पण`.

आम्ही दोघं हसलो, मग माझं हसू थांबलं. तूर गेली, मूग गेला, पुणं गेलं आणि उरली तीन अव्ययं. झालं असं की अनकेस्ड टोकनायझर अक्षरं लहान करताना त्यांच्या डोक्यावरची चिन्हंही काढून टाकतो. फ्रेंच-स्पॅनिशमधल्या स्वरचिन्हांसाठी ती सोय. पण युनिकोडच्या वर्गवारीत आपले उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे त्याच वर्गात बसतात ज्यात ती फ्रेंच चिन्हं आहेत. काना, वेलांटी आणि ओकार वेगळ्या वर्गात असल्यामुळे वाचतात. म्हणून 'कीड' शाबूत राहते आणि 'तूर' मरते. 'ऊस'ही वाचतो, कारण तिथला ऊ स्वतंत्र अक्षर आहे. सगळं मोडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अर्धंच मोडलं म्हणून मॉडेल चालत राहिलं आणि आम्ही आकड्यावर खूश राहिलो.

दोष त्या टोकनायझरचा नाही. बर्टच्या माहितीपत्रकात कधीचंच लिहिलंय की लॅटिन नसलेल्या लिप्यांसाठी केस्ड वापरा, अनकेस्डमध्ये अक्षरांची गडबड होते. कोणीतरी कागद नीट लिहून ठेवला होता, आम्ही तो वाचला नव्हता. टोकनायझर बदलला, दुबार मेसेज काढले आणि स्टुडंटला पहिल्यापासून शिकवलं.

नव्या स्टुडंटचा आकडा पुन्हा ९४ आला. आता कार्डात तो लिहायला हरकत नव्हती, असं मला वाटलं. पण 'तपासणीचा डेटा' या मथळ्याखाली वाक्य पुरं करताना माझंच पेन अडलं: 'बाजूला ठेवलेल्या मेसेजांवर स्टुडंटचं उत्तर ९४ टक्के वेळा... कोणाच्या उत्तराशी जुळलं?' टीचरच्या. तीच ती छेदातली गोष्ट. दुसऱ्याच्या कार्डात ती मला लगेच दिसली होती, स्वतःच्या कार्डात दिसायला वाक्य लिहावं लागलं. ९४ टक्के ही नकलेची टक्केवारी होती. नक्कल आणि खरं यांच्यात किती अंतर आहे, याबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

ते मोजायचं तर माणसं हवीत. निवृत्त कृषी सहायक असलेले एक काका आमच्याकडे उत्तरं द्यायला येतात. त्यांना आणि कृषी पदवीधर असलेल्या एका मुलीला प्रत्येकी तेच ३०० मेसेज दिले. टीचरचं किंवा स्टुडंटचं उत्तर दाखवलं नाही, एकमेकांचंही नाही. २६ मेसेजांवर दोघांचं जमलं नाही, ते त्यांनी नंतर चहावर बसून मिटवले. हे २६ सुद्धा आता कार्डात आहेत, कारण जिथे दोन जाणत्या माणसांचं पटत नाही तिथे मॉडेलकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो.

त्या ३०० वर टीचर २४९ वेळा बरोबर निघाला, म्हणजे ८३ टक्के. स्टुडंट २४० वेळा, म्हणजे ८०. दोघांचं आपसात जुळलं २८२ वेळा, म्हणजे तेच आपले ९४. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं दिसतं: लहान मॉडेल मोठ्यापेक्षा जेमतेम तीन टक्के मागे. मग मी स्टुडंटच्या ६० चुका एकेक उघडून टीचरच्या शेजारी ठेवल्या. त्यातल्या १२ त्याच्या स्वतःच्या होत्या, टीचर तिथे बरोबर होता. ३ ठिकाणी दोघं चुकले पण वेगवेगळ्या कप्प्यांत. उरलेल्या ४५ मध्ये दोघांचं चुकीचं उत्तर एकच होतं. आणि टीचर चुकलेला असताना स्टुडंटने स्वतःच्या बुद्धीने बरोबर कप्पा शोधला असे मेसेज किती, तर ३.

साठातल्या पंचेचाळीस चुका वडिलोपार्जित. आम्ही पुढचं वर्षभर स्टुडंटला आणखी घासूनपुसून टीचरसारखा करत बसलो असतो, तर ९४ चे ९८ झाले असते आणि या पंचेचाळीस जिथल्या तिथे राहिल्या असत्या. उलट त्या तीन जागा, जिथे तो टीचरचं न ऐकता बरोबर निघाला होता, त्याही कदाचित गेल्या असत्या.

पंचेचाळीसांतल्या नऊ एकाच शब्दाच्या होत्या: लाल्या. तीनशेत लाल्याचे अकरा मेसेज होते. टीचरने सगळे रोग-कीडमध्ये टाकले, स्टुडंटनेही, आणि तेही अगदी ठामपणे. काकांनी आणि त्या मुलीने मात्र नऊ खत-पाण्यात टाकले होते. मी काकांना विचारलं, शेतकरी तर 'औषध सांगा' म्हणतोय.

"अहो ताई, शेतकऱ्याला बाटलीतलं आणि पुडीतलं सगळं औषधच," काका म्हणाले. "लाल्या म्हणजे पान लाल झालं, एवढंच. बोंडं भरायच्या वेळेला झाडाला अन्न कमी पडतं, मॅग्नेशियम नाही, नत्र नाही, त्यात रात्री गार पडायला लागतं. तुडतुड्यानेही होतं, नाही असं नाही. म्हणून दोन मी तिकडे ठेवलेत, बघा, त्यांनी पानाखाली किडे दिसतात म्हणून लिहिलंय. बाकीच्यांना कीटकनाशक सांगितलं तर पैसे फुकट आणि पान लाल ते लालच."

टीचरने हे कुठून शिकावं? त्याने 'आलाय', 'मारू', 'फवारू' हे शब्द पाहिले आणि ज्या वाक्यांत ते नेहमी येतात त्या कप्प्यात मेसेज टाकला. स्टुडंटसाठी ते वेदवाक्य झालं. ज्या ०.०९ मध्ये थोडीफार शंका होती, ती शंका खरं उत्तर होतं. पण शिकवताना आपण वाटप शिकवतो, त्यातलं कुठलं खरं हे काही सांगत नाही.

मग आकडे गटांनी फोडले, त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवून. ३०० पैकी १८० मेसेज साधारण पुस्तकी वळणाच्या मराठीतले होते, त्यात स्टुडंट १५७ ठिकाणी बरोबर, ८७ टक्के. ७० मेसेज अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाचे, 'मना वावरमा', 'कपाशीले' असे. त्यात ५२ बरोबर, ७४ टक्के. उरलेले ५० मराठीच, पण रोमन अक्षरांत टाइप केलेले, `kapashila lalya aala kay maru` अशा थाटाचे. त्यात ३१, म्हणजे ६२ टक्के. शेवटच्या गटात मेसेज पन्नासच असल्यामुळे तो आकडा इकडे-तिकडे तेरा-चौदा टक्के सरकू शकतो, हेही कार्डात लिहिलं. मुलाचं म्हणणं पडलं की मग तो लिहायचाच कशाला, चांगला दिसत नाही आणि पक्काही नाही. मला वाटलं, ८० लिहून ६२ झाकायचे, तर त्या रोमनमध्ये लिहिणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने आपण थाप मारली. त्याच्यासाठी मॉडेल ८० टक्क्यांचं कधीच नव्हतं.

शिकवण्याच्या डेटाबद्दलचा परिच्छेद मला सगळ्यात अवघड गेला, आणि त्यात तांत्रिक असं काही नव्हतं. मेसेज आमच्या हेल्पलाइनला आलेले, नंबर आणि नावं काढून टाकलेली, लेबलं टीचरची, माणसाची नव्हेत, टीचर कुठला आणि त्याची आवृत्ती कुठली. इथवर झरझर लिहून झालं. पुढचं वाक्य लिहायला दोन दिवस गेले: 'मेसेज पाठवणाऱ्यांना त्यांचा मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरला जाईल याची कल्पना दिलेली नव्हती.' ती आम्ही दिलेली नव्हतीच. शेतकऱ्याने करप्यावर उपाय विचारला होता. म्हणून डेटा आम्ही कोणाला देत नाही, हे त्याच्या पुढचं वाक्य. यंदापासून पहिल्या उत्तराबरोबर दोन ओळींची सूचना जाते आणि 'नको' म्हणणाऱ्याचा मेसेज ढिगात जात नाही. पण जुने २९,००० तसेच आहेत, आणि ते वाक्यही.

'कशासाठी वापरू नये' ही जागा बहुतेक कार्डांत शोभेची असते. 'वैद्यकीय निर्णयासाठी वापरू नये' असं बागकामाच्या मॉडेलवरही लिहिलेलं मी पाहिलंय. आमचीही पहिल्यांदा तशीच होती: 'महत्त्वाच्या निर्णयांसाठी वापरू नये.' कोण वाचतं? मग ऑक्टोबरमध्ये एका कार्यालयातून फोन आला. तुमचं मॉडेल मेसेज कप्प्यांत टाकतं ना, मग तालुकावार 'रोग-कीड'चे आकडे आम्हाला दर आठवड्याला द्या, कुठे कीड वाढतेय त्याचा नकाशा करतो. विनंती अगदी साधी आणि चांगल्या हेतूची. आणि आठवडा नेमका लाल्याचा.

नकाशा झाला असता तर काय झालं असतं हे आमच्या त्या नऊ मेसेजांवरून सरळ दिसत होतं. रात्री गार पडायला लागल्यावर कपाशीच्या तालुक्यांत 'रोग-कीड' एकदम चढली असती. नकाशावर लाल डाग पडला असता, पानासारखाच. तो किडीचा उद्रेक दिसला असता, आणि असायचा मॅग्नेशियमचा. मोबाइल कोणाकडे आहे, आमचा नंबर कोणत्या गावांत पोचलाय, हे वेगळंच. मी त्यांना आकडे दिले नाहीत, कार्डाचं ते पान पाठवलं. साहेबांनी वाचलं आणि फोनवर विचारलं, "म्हणजे मेसेज वाटण्यापुरतं चालतं, मोजण्यासाठी चालत नाही, असंच ना?" मी दीड महिना जे वाक्य जुळवत होते ते त्यांनी एका दमात सांगितलं. ते मी कार्डात घेतलं, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. खाली कारण म्हणून लाल्याचं उदाहरण.

वाटण्यापुरतं का चालतं, तेही लिहिलंय. चुकीच्या कप्प्यात गेलेला मेसेज माणूस उघडतो, वाचतो आणि दुसरीकडे सरकवतो. चूक दोन मिनिटांत निस्तरते. मोजणीत मेसेज कोणी उघडतच नाही.

कार्ड आता पावणेदोन पानांचं आहे. त्यात `[More Information Needed]` अजून एका ठिकाणी आहे, आणि तिथे ते मुद्दाम ठेवलंय: केळीच्या मेसेजांवर वेगळी तपासणी झालेली नाही. जळगावात बसून हे लिहायला लाज वाटते, पण तीनशेत केळीचे मेसेज सातच निघाले आणि सातावरून मी काय सांगणार?

परवा हेल्पलाइनच्या खोलीत गेले होते. काकांनी ते कार्ड वाचलंय असं मला वाटत नाही, छापून दिलेला कागद अजून ड्रॉवरमध्ये तसाच आहे. पण लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला त्यांनी पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, स्वतःच्या अक्षरात: 'लाल्या असेल तर कप्पा बघू नये. मेसेज वाचावा.' खाली दुसऱ्या पेनाने, बहुधा त्या मुलीने, लिहिलंय: 'इंग्रजी अक्षरं असतील तरी.'